उपचार संपल्यानंतरचें बळ

कर्करोगाचे उपचार संपले, डॉक्टरांनीं “आतां तीन महिन्यांनीं या” असें सांगितलें आणि घरच्या मंडळींनीं देवापुढें साखर ठेवली, म्हणजे प्रकरण संपलें, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आमचाहि तसाच होता. आमच्या थोरल्या वहिनींना २०२३ च्या जानेवारींत उजव्या स्तनाचा कर्करोग असल्याचें निदान झालें. फेब्रुवारींत शस्त्रक्रिया झाली व तींत काखेंतील चौदा लसिकाग्रंथी काढण्यांत आल्या. पुढें मार्चच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत केमोथेरपी, नंतर तीन आठवडे किरणोपचार, आणि त्यानंतर रोज एक लेट्रोझोलची गोळी, असा क्रम चालला. ऑक्टोबरच्या आरंभीं किरणोपचार संपले त्या दिवशीं घरांत सर्वांना हायसें वाटलें. वहिनींना मात्र त्या दिवशीं दोन जिने चढतांना मध्यें बसावें लागलें, आणि पुढेंहि दोन महिने बसावेंच लागत होतें.

याचें कारण आम्ही सारे “अजून अशक्तपणा आहे” या एका वाक्यांत गुंडाळून ठेवीत होतों. त्यावर उपाय म्हणून आमच्या मातोश्रींनीं ठरविलेला मार्ग विश्रांतीचा. शस्त्रक्रियेनंतर इस्पितळांतून घरीं येतांना कोणीतरी “या हातानें जड उचलूं नका” असें सांगितलें होतें. ती सूचना किती दिवसांसाठीं होती हें कोणीं विचारलें नाहीं, आणि जड म्हणजे किती हेंहि विचारलें नाहीं. घरांत पांच बायका. त्यामुळें वहिनींच्या हातून तांब्यासुद्धां काढून घेण्यास माणसांची वाण नव्हती. “अगं, तूं नको. बस तूं,” असें आईंनीं दिवसांतून दहा वेळां म्हणावें आणि वहिनींनीं बसावें. एकत्र कुटुंबांत आजारी माणसाची काळजी फार चांगली घेतली जाते हें खरें; पण त्या काळजीनें माणूस अधिकच अधू होऊं शकतें हें आम्हांस तेव्हां दिसत नव्हतें.

तें कसें होतें हें नीट समजून घेण्यासारखें आहे. केमोथेरपीच्या महिन्यांत अन्न जात नाहीं, पुष्कळसा वेळ पडून जातो, आणि औषधांबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचाहि स्नायूंवर परिणाम होतो. या साऱ्यामुळें स्नायू झडतात. समजा, एखाद्या बाईला पूर्वी एका हातानें फार तर दहा किलो उचलतां येत होतें. मग पांच किलोंचा दळणाचा डबा हें तिचें अर्ध्या शक्तीचें काम होतें. तीच शक्ति सहा किलोंवर आली, तर तोच डबा तिच्या जवळजवळ साऱ्या शक्तीचें काम होऊन बसतो. डबा तोच, जिना तोच, पण प्रत्येक कामाला शरीराला पूर्वीपेक्षां मोठा हिस्सा मोजावा लागतो आणि दिवस दुपारींच संपतो. मग थकवा येतो, म्हणून विश्रांति घ्यावी; विश्रांतीनें स्नायू आणखी झडतात; म्हणून पुन्हा थकवा. हें चक्र निजून राहून तुटत नाहीं. स्नायूंना हलका पण वाढत जाणारा भार देऊन तें तुटतें. असा भार पद्धतशीर देणें यालाच बळ वाढविण्याचा व्यायाम म्हणतात. त्याचा पहिलवानीशीं संबंध नाहीं.

परंतु वहिनींच्या बाबतींत भीति हाताची होती, आणि ती निराधार नव्हती. आपल्या शरीरांत रक्तवाहिन्यांतून पाझरणारा जो द्रव असतो, त्याचा कांहीं भाग लसिकावाहिन्यांवाटे परत जातो. हाताच्या द्रवाची वाट काखेंतील ग्रंथींतून जाते. त्या ग्रंथी काढल्या आणि वर किरणोपचार झाले, म्हणजे ती वाट अरुंद होते. मोरी तुंबलेली नसते, पण तिचें तोंड लहान झालेलें असतें. एकदम जास्त पाणी आलें तर तें सांचतें. हात असा फुगतो, जड होतो, आणि वेळींच पाहिलें नाहीं तर ती सूज कायमची होऊन बसते. तिला लिम्फीडीमा म्हणतात. या भीतीमुळें पुष्कळ वर्षें डॉक्टरमंडळी अशा स्त्रियांना त्या हातानें वजन उचलूंच नका असें सांगत असत.

या समजुतीची परीक्षा अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत कॅथ्रिन श्मिट्झ या विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतली. ज्यांचा हात आधींच सुजलेला होता अशा १४१ स्त्रियांना त्यांनीं दोन गटांत विभागलें. एका गटाला आठवड्यांतून दोनदां, हळूहळू वाढत जाणाऱ्या वजनांचा व्यायाम दिला, दुसऱ्या गटाला दिला नाहीं. एका वर्षानंतर वजन उचलणाऱ्यांच्या हातांची सूज दुसऱ्या गटापेक्षां वाढली नव्हती. उलट सूज एकाएकीं उसळण्याचे प्रसंग त्यांच्यांत निम्म्यानें कमी होते. हें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढील वर्षीं, हात सुजलेला नाहीं पण सुजण्याचा धोका आहे अशा १५४ स्त्रियांवरचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पांच किंवा अधिक ग्रंथी काढलेल्या होत्या, त्यांच्यांत वजन न उचलणाऱ्यांपैकीं शेंकडा २२ जणींचे हात सुजले, आणि उचलणाऱ्यांपैकीं शेंकडा ७ जणींचे. कारण असें दिसतें कीं स्नायू आकुंचन पावतो तेव्हां तो लसिकावाहिन्यांना दाबून द्रव पुढें ढकलतो, आणि बळकट हाताला घरच्या कामाचा धक्का कमी बसतो.

या प्रयोगांचा आधार घेतांना त्यांतील दोन अटी मात्र विसरूं नयेत. पहिली अशी कीं, या स्त्रियांना प्रथम तेरा आठवडे शिकविणारें माणूस समोर होतें, वजनें अगदीं नांवापुरतीं घेऊन आरंभ केला होता, आणि सुजलेल्या हातांवर व्यायामाच्या वेळीं दाबाची बाही असे. दुसरी अशी कीं, त्या सर्वजणींच्या निदानाला निदान एक वर्ष होऊन गेलें होतें. वहिनींना तेव्हां दहा महिनेच झाले होते. तेव्हां “अमेरिकेंत सिद्ध झालें आहे” एवढ्यावर घरांत डंबेल आणून ठेवणें हा शहाणपणा नव्हता. विचारणें भाग होतें.

विचारावें कोणास, हाहि एक प्रश्न असतो. शस्त्रक्रिया करणारे निराळे, औषधें देणारे निराळे, किरणोपचार करणारे निराळे; शिवाय फिजिओथेरपिस्ट. प्रत्येकाला शरीराचा आपापला भाग ठाऊक. आम्हीं वहिनींबरोबर बसून एका कागदावर प्रश्न लिहून काढले आणि नोव्हेंबरच्या भेटींत तो कागदच पुढें ठेवला. “व्यायाम करूं का?” असा मोघम प्रश्न आम्हीं मुद्दाम टाळला. त्याला “करा, पण जपून” असें मोघम उत्तर मिळतें आणि जपून म्हणजे काय हें पुन्हा घरच्यांनीं ठरवायचें, असा अनुभव एकदां येऊन गेला होता.

पहिला प्रश्न हृदयाचा होता. वहिनींना दिलेल्या औषधांत डॉक्सोरुबिसिन होतें. तें हृदयाच्या स्नायूला दुर्बळ करूं शकतें, म्हणून उपचारांपूर्वीं व नंतर टू-डी इको काढलेला होता. तो पाहून औषधोपचारतज्ज्ञांनीं सांगितलें कीं हृदयाकडून अडचण नाहीं; पण छातींत दुखलें, धडधड झाली, पायांवर सूज आली किंवा सपाटीवर चालतांना दम लागूं लागला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशीं कळवावें.

दुसरा प्रश्न हाडांचा. लेट्रोझोल ही गोळी शरीरांतील इस्ट्रोजेन फार कमी करते. हाडांना त्याचा आधार असतो. डेक्सा नांवाच्या तपासणींत वहिनींच्या पाठीच्या मणक्यांची घनता कमी भरली होती, मोडण्याइतकी नव्हे. त्यावरून मर्यादा ठरली ती अशी: हातांत वजन घेऊन कमरेंत वांकूं नये आणि वजनासह कंबर पिळूं नये. हाडांसाठीं भार चांगलाच, पण तो ताठ पाठीनें घ्यावा. येथें एक गोष्ट सांगून ठेविली पाहिजे. ज्यांच्या हाडांतच कर्करोग पसरलेला आहे, त्यांचा विचार सर्वस्वीं निराळा. कोणत्या हाडावर भार द्यावा व कोणत्यावर मुळींच देऊं नये, हें छायाचित्रें पाहून तज्ज्ञच ठरवितात. वहिनींचें उदाहरण त्यांना लागू नाहीं. नवें, एकाच जागीं, रात्रीं झोपेंतहि दुखणारें हाडांचें दुखणें हें व्यायामाचें दुखणें समजून अंगावर काढूं नये.

तिसरा प्रश्न पायांचा निघाला, आणि तो आमच्या कागदावर नव्हताच. फिजिओथेरपिस्टबाईंनीं वहिनींना डोळे मिटून उभें राहण्यास सांगितलें तेव्हां त्या डुलल्या. पॅक्लिटॅक्सेल या औषधानें तळपायांना बधिरता आली होती, ती वहिनींनीं कोणाला सांगितली नव्हती, कारण “पायाला मुंग्या येतात, त्यांत काय सांगायचें?” मर्यादा ठरली: उभ्यानें करावयाचे व्यायाम ओट्याला किंवा भिंतीला एक हात लावून, ओल्या फरशीवर कधींहि नाहीं, आणि पायांत घट्ट बसणारी पादत्राणें घालून. आमच्या घरांत पादत्राणें घालून वावरण्याची चाल नाहीं. आईंनीं दोन दिवस कुरकुर केली. मग एक नवा जोड केवळ घरांतल्यासाठीं आणला, त्यावर तडजोड झाली.

शेवटीं हाताविषयीं शस्त्रक्रियातज्ज्ञांनीं जें सांगितलें, तें ऐकून वहिनी क्षणभर गप्पच झाल्या. जखम भरली आहे, खांदा पूर्ण वर जातो, तेव्हां वजन अर्ध्या किलोपासून सुरू करण्यास हरकत नाहीं. वरची मर्यादा अशी कांहीं नाहीं; मर्यादा वाढविण्याच्या वेगाला आहे. “म्हणजे उचलूं नका असें जें सांगितलें होतें, तें?” वहिनींनीं विचारलें. “तें टांके भरेपर्यंतचें होतें, बाई. सहा-आठ आठवड्यांचें.” नऊ महिने आम्हीं तें पाळलें होतें.

व्यायाम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे मध्यें निदान दोन दिवस मोकळे. बळ वाढतें तें त्या मोकळ्या दिवसांत. पांच मिनिटें घरांतल्या घरांत चालून अंग ऊन करावयाचें आणि मग पांच गोष्टी. पाठ टेंकावयाच्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठणें व बसणें. भिंतीपासून हातभर अंतरावर उभें राहून भिंतीवरचे जोर. खिडकीच्या गजाला अडकविलेला रबरी पट्टा कोपर मागें नेऊन ओढणें. ओट्याला धरून टांचा उचलणें. आणि अर्ध्या किलोचें डंबेल हातांत घेऊन कोपरांत वांकवणें. डंबेल नसेल तर अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटलीहि अर्ध्या किलोचीच असते. प्रत्येक गोष्ट दहा वेळां. पहिले दोन आठवडे एकच फेरी, पुढचे दोन आठवडे दोन फेऱ्या, मग तीन. श्वास कोंडूं नये. जोर लागतो तेव्हां सोडावा. दहावा हेलकावा झाल्यावर “अजून दोन-तीन झाले असते” असें वाटावें, इतकाच भार बरोबर. आणखी पांच-सहा सहज झाले असते तर तो हलका, आणि दहावा थरथरत झाला तर तो जड.

वजन वाढविण्याचा नियम फिजिओथेरपिस्टबाईंनीं वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानें लिहून दिला. लागोपाठ दोन दिवशीं तिन्ही फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि हातांत जडपणा आला नाहीं, तरच अर्धा किलो वाढवावें. एक आठवडा खंड पडला, तर पुन्हा सुरू करतांना वजन उतरवावें. या दुसऱ्या वाक्याखालीं त्यांनीं रेघ ओढली होती.

घरांत एक सूचना दादांकडून आली: एवढा खटाटोप कशाला, सूर्यनमस्कार घालावेत. औंधच्या महाराजांपासून आपल्या घरांत त्यांचें महत्त्व आहे, आणि दादा स्वतः रोज पंचवीस घालतात. सूर्यनमस्कारांविषयीं आम्हांसहि आदर आहे. पण त्यांत अंगाचा बराच भार एकदम दोन्ही हातांवर येतो आणि तो अर्ध्या किलोनें कमी-जास्त करतां येत नाहीं. भिंतीवरच्या जोरांत तोच भार पाय भिंतीपासून चार बोटें मागें-पुढें करून मोजून देतां येतो. भिंतीवरून ओट्यावर, ओट्यावरून खुर्चीच्या हातांवर, असें उतरत जाऊन शेवटीं नमस्कारांपर्यंत पोंचतां येईल. तेथून आरंभ मात्र करतां येत नाहीं.

आतां थकव्याविषयीं. कर्करोगानंतरचा थकवा हा श्रमानंतरच्या थकव्यासारखा नसतो. तो केलेल्या कामाच्या मानानें येत नाहीं आणि झोपेनें जात नाहीं. म्हणून तो मोजण्याची एक साधी रीत आहे. रोज सकाळीं शून्य ते दहांपैकीं एक आंकडा लिहावा. शून्य म्हणजे थकवा नाहीं, दहा म्हणजे कल्पना करवेल तितका. वहिनींच्या वहींत पहिल्या महिन्यांत बहुधा चार, पांच असे आंकडे आहेत. ठरलेलें असें होतें: तीनपर्यंत आंकडा असेल तर त्या दिवशींचा सारा व्यायाम; चार ते सहा असेल तर तेंच वजन, पण एकच फेरी; सात किंवा वर असेल तर व्यायाम नाहीं, फक्त अंगणांत दहा मिनिटें फिरणें. सलग तीन-चार दिवस सात येऊं लागले तर तें “आज बरें नाहीं” असें म्हणून सोडून द्यावयाचें नाहीं, इस्पितळांत कळवावयाचें; कारण अशा थकव्यामागें हिमोग्लोबिन उतरणें, थायरॉईड मंदावणें, झोप नसणें, मन खचणें अशीं उपाय करतां येण्यासारखीं कारणें असूं शकतात. जानेवारींत एकदां असें झालें. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन कमी होतें. औषध सुरू झालें आणि तीन आठवड्यांनीं आंकडे खालीं आले. त्या आठवड्यांत व्यायाम वाढविला असता तर तो व्यर्थ तरी गेला असता, किंवा त्यानें त्रास तरी झाला असता.

वही ठेविल्यानें आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आमच्या मतें अधिक महत्त्वाची होती. वहिनींचे वाईट दिवस व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीं येत नव्हते. ते चांगल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीं येत होते. दोनचा आंकडा पडला, अंग हलकें वाटलें, कीं त्या दिवशीं कपाटें आवरणें, जावेबरोबर बाजारांत जाणें, आल्यावर चकल्या; आणि मग दोन दिवस सहा-सात. घरांतल्यांना वाटे, मंगळवारचा व्यायाम बाधला. वहींत पाहिलें तर बाधलेला असे रविवार. फिजिओथेरपिस्टबाईंनीं त्यावर सांगितलें तें असें कीं दिवसाचें माप चांगल्या दिवसावरून घेऊं नये, सरासरी दिवसावरून घ्यावें. आणि चांगल्या दिवशीं हात राखून थांबावें. मोठें काम एका दिवशीं एकच. ओट्यापाशीं उंच स्टूल ठेवून पोळ्या बसून लाटाव्यात. विश्रांति थकल्यावर न घेतां आधींच, ठरलेल्या वेळीं, अर्धा तास घ्यावी. आणि व्यायामाच्या दुसऱ्या दिवशींचा आंकडा दोननें चढला व एका दिवसांत उतरला नाहीं, तर पुढच्या वेळीं एक फेरी कमी करावी.

हें पाळणें एकट्या बाईच्या हातांत नसतें. एकत्र कुटुंबांत कामाची वांटणी न बोलतां होत असते. वहिनी उठल्या कीं त्या बऱ्या झाल्या असें समजून सारें काम त्यांच्याकडे जाई, आणि निजल्या कीं सारें काढून घेतलें जाई. अखेर आमच्या धाकट्या वहिनींनीं युक्ति काढली. सकाळीं वहींत पडलेला आंकडा स्वयंपाकघरांतील फळ्यावर लिहावयाचा. कोणाला कांहीं विचारावें लागत नसे, वहिनींना सांगावें लागत नसे, आणि आईंनाहि “बस तूं” असें म्हणण्याची गरज राहिली नाहीं.

हाताचें मापहि असेंच लिहून ठेवलें जाई. मनगटाच्या हाडापासून वर दर दहा सेंटिमीटरांवर शाईची खूण करून दोन्ही हातांचा घेर शिंप्याच्या टेपनें, महिन्याच्या पहिल्या रविवारीं, सकाळीं घ्यावयाचा. उजवा हात मूळचाच थोडा मोठा असतो, म्हणून व्यायामापूर्वींचा फरक आधीं लिहून ठेवावा लागतो. वहिनींचा अर्धा सेंटिमीटर होता. पुढें तुलना करावयाची ती या फरकाशीं. टेपच्या आधीं सांगणारी गोष्ट म्हणजे अंगठी आणि बांगडी. हात जड, भरल्यासारखा वाटणें, ब्लाउजची बाही घट्ट होणें, बांगडी न फिरणें, हीं सुजेचीं पहिलीं चिन्हें.

फेब्रुवारीअखेर घरांत पुतण्याची मुंज होती. वहिनींचें वजन तोंवर दोन किलोंवर पोंचलें होतें. मुंजीच्या तयारींत बारा दिवस व्यायाम झाला नाहीं. मुंज उरकल्यावर दुसऱ्या दिवशीं शुक्रवार होता. वहिनींनीं मोठ्या उमेदीनें वही उघडली, मागच्या पानावर दोन किलो लिहिलें होतें, तेंच उचललें, तिन्ही फेऱ्या केल्या. रेघ ओढलेलें वाक्य पहिल्या पानावर राहिलें. त्याच संध्याकाळीं कार्यालयांतून आलेलीं भांडीं त्यांनीं माळ्यावर चढवून दिलीं. शनिवारीं सकाळीं त्या आमच्याकडे आल्या आणि हात पुढें केला. “भावोजी, ही बांगडी काल फिरत होती.” टेप लावली, मनगटापासून वीस सेंटिमीटरांवर फरक दोन सेंटिमीटर भरला.

आम्हीं लगेच फोन केला. प्रथम विचारलें गेलें तें असें: हात लाल आहे का, ऊन लागतो का, ताप आहे का? कारण लाली व ताप असला तर तो जंतुसंसर्ग, आणि त्याला त्याच दिवशीं औषध लागतें. लाली नव्हती. तरी सूज एकाएकीं आली म्हणजे शिरेंत रक्ताची गुठळी नाहीं ना व काखेंत नवी गाठ नाहीं ना हें पाहावें लागतें, म्हणून सोमवारीं सोनोग्राफी झाली. तसें कांहीं निघालें नाहीं. मग हाताच्या मापाची दाबाची बाही करून घेण्यांत आली. ही बाही दुकानांतून अंदाजानें आणूं नये. सैल असली तर निरुपयोगी, आणि मनगटाशीं घट्ट असली तर अपायकारक. उजव्या हाताचा व्यायाम थांबला, पायांचा मात्र चालूच राहिला, आणि आम्हांस वाटतें कीं वहिनींचा धीर त्यामुळेंच टिकला. एका हाताचा दोष सबंध अंगाला लावण्याचें कारण नव्हतें.

तीन आठवड्यांनीं फरक एक सेंटिमीटरावर आला. शस्त्रक्रियातज्ज्ञांनीं व फिजिओथेरपिस्टबाईंनीं मिळून हाताचा व्यायाम पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली: बाही घालून, एक किलोपासून, एका फेरीनें. घरांत या वेळीं मतभेद झाला. आईंचें म्हणणें, देवानें एकदां सोडलें, पुन्हा कशाला विषाची परीक्षा? त्यांची भीति आम्हांस समजत होती. पण सूज वजनानें आली नव्हती, खंडानंतर एकदम घेतलेल्या वजनानें व भांड्यांनीं आली होती; आणि हात पुन्हा बांधून ठेवला असता तर पुढच्या मुंजींत तींच भांडीं आणखी दुर्बळ हाताला उचलावीं लागलीं असतीं. वहिनींनीं स्वतःच आईंना वही दाखविली. आई वाचतात, त्यांनीं चष्मा लावून सारीं पानें वाचलीं, आणि “मग ही रेघ मीं पाहत जाईन,” एवढेंच म्हणाल्या. तेव्हांपासून खंड पडला कीं वजन उतरविण्याची आठवण आई करतात.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत वहिनी चार किलोंवर आल्या, भिंतीवरचे जोर ओट्यावर आले, आणि सकाळचा आंकडा बहुधा दोन असे. हाताचा फरक एक सेंटिमीटरावरच स्थिर आहे. तो पूर्वींच्या अर्ध्यावर गेला नाहीं, आणि बाही व्यायामाच्या वेळीं अजून लागते. तळपायांची बधिरता कमी झाली आहे, पण गेलेली नाहीं, म्हणून टांचा उचलतांना एक हात ओट्यावर असतोच. भाजणीचें दळण त्यांनीं त्या वर्षीं गिरणींतून स्वतः आणलें. पांच किलोंचा डबा, दोन मजले, मध्यें एकदां, पहिल्या मजल्यावर, डबा या हातांतून त्या हातांत घेण्यापुरत्या थांबल्या. दुसरा दिवस त्यांनीं वहींत आधींच मोकळा सोडला होता.